मदत हवी आहे: जीएसटी दंडाविरुद्धच्या अपिलात उशिराचं कारण कसं मांडू?

२०२२-२३ चं वार्षिक विवरणपत्र (GSTR-9) ३१ डिसेंबर २०२३ ऐवजी ४० दिवस उशिरा भरलं. उलाढाल २.४० कोटी, त्यामुळे रोज ५० रुपयांप्रमाणे २,००० रुपये विलंब शुल्क तेव्हाच भरलं. कर बाकी नव्हता. तरीही आता कलम १२५ खाली केंद्र आणि राज्य मिळून ५०,००० रुपये दंडाचा आदेश आलाय.

माझा मुख्य मुद्दा असा: कलम १२५ वेगळा दंड सांगितलेला नसेल तिथेच लागू होतं, आणि या उशिरासाठी कलम ४७ चं शुल्क आधीच घेतलंय. चलन आणि विवरणपत्राची पोच जोडतोय. नोटिशीला उत्तर गेलं नव्हतं, कारण ती पोर्टलवर 'Additional Notices and Orders' मध्ये पडून होती. ईमेल जुन्या हिशेबनीसाचा, ही चूक आमचीच.

अडचण मुदतीची आहे. आदेश पोर्टलवर चढून ३ महिने १२ दिवस झाले, मी पाहिला २० दिवसांपूर्वी. कलम १०७ प्रमाणे ३ महिने संपलेत, माफ होऊ शकणारा पुढचा एकच महिना चालू आहे. APL-01 चा मसुदा तयार आहे, दंडाच्या १० टक्के म्हणजे ५,००० रुपये आगाऊ भरायचीही तयारी आहे. वसुलीची नोटीस अजून नाही.

'आदेश पाहिल्या दिवसापासून अपील मुदतीत आहे' आणि 'नसल्यास १२ दिवसांचा विलंब माफ करावा' हे दोन्ही एकाच पत्रात लिहिलं तर परस्परविरोधी ठरेल का, की विलंबमाफीचा अर्ज वेगळा जोडावा?