अनुभव धागा: काचेखालच्या जाळीत पाला, एसीला वारा नाही, गाडीत कुबट वास

परभणी: आमची गाडी वर्षभर कडुलिंबाखाली उभी असते. फाल्गुनात पानगळ, मग मोहर, मृगाच्या सुमाराला लिंबोळ्या, सगळं वायपरच्या बुडाशी असलेल्या काळ्या जाळीत उतरतं. पहिला पाऊस पडला की पंखा फुल्ल ठेवूनही वारा जेमतेम लागतो आणि ओल्या गोणपाटासारखा वास सुटतो. तुमचे अनुभव सविस्तर लिहा.

लातूर: केबिन फिल्टर बदला, विषय मिटला. माझा काळाकुट्ट निघाला होता. नवा टाकला अन् वारा लगेच वाढला.

नांदेड: माझं गॅरेज आहे. फिल्टर बदला, पण वर पाला तसाच राहिला तर नवाही भिजतो. आधी पंखा एकाच वेगावर ठेवून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. वारा एकदम वाढला तर बाहेरून हवा यायची वाट अडलीय. दोन्हीकडे सारखाच मंद असेल तर बहुतेक गाड्यांत फिल्टर नाहीतर पंखा.

मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली. डाव्या सीटपुढचं कार्पेट दाबलं की पाणी वर यायचं. वायपर कुठे थांबतात त्याची काचेवर खडूनं खूण केली, ते काढले, क्लिपा सोडवून जाळी उचलली. कोपऱ्यातलं पाणी जायचं भोक कुजलेल्या पाल्याच्या गाळानं बुजलेलं. पाणी तिथं साठून पंख्याच्या तोंडातून आत उतरत होतं. गाळ हातानं काढला, उरलेला व्हॅक्यूमनं ओढला. कंप्रेसरची हवा मारू नका, कचरा थेट पंख्यात जातो. शेवटी कोपऱ्यात तांब्याभर पाणी हळूहळू ओतलं. ते पुढच्या चाकाजवळ खाली पडलं, म्हणजे वाट मोकळी.

छत्रपती संभाजीनगर: माझ्या गाडीत वारा भरपूर आहे, पण गार होत नाही. जाळीच साफ करू का गॅस भरू?

नांदेड: ताई, वारा भरपूर आहे म्हणजे जाळीचा प्रश्न नाही. गॅस कुठे गळतोय का ते आधी बघायला सांगा, नुसता भरून घेऊ नका.

बीड: आमचंही डाव्या बाजूचं कार्पेट ओलं व्हायचं, पण भर मे महिन्यात, पावसाचा थेंब नसताना. जाळी उघडली तर कोरडी ठणठणीत. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली होती. पावसात ओलं होतंय की एसी लावल्यावर, एवढं आधी बघा.

धाराशिव: जाळी साफ केली, भोक मोकळं केलं, कार्पेट काढून उन्हात वाळवलं. वारा पूर्ववत झाला. वास मात्र एसी लावला की पहिली काही मिनिटं अजून येतोच. नवा फिल्टरही टाकलाय.

नांदेड: कॉइलवर बुरशी धरली असावी. उतरायच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, कॉइल कोरडी होऊ द्या. आठवडाभर करून बघा.

धाराशिव: ते करतोय. वास कमी आहे, गेलेला नाही. कॉइल साफ करायला डॅशबोर्ड खोलावा लागतो असं इथला मेकॅनिक म्हणतो. न खोलता कुणी केलंय का?

लातूर: बटण दाबून बघितलं, वारा वाढला की! रविवारी जाळी उघडतो.