शब्दचर्चा: ‘ट्री ऑगमेंट करणे’ला मराठीत काय म्हणाल?

खडूफळा: इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी मराठीत नोट्स लिहितेय. सर्च ट्रीपर्यंत सगळं सुरळीत झालं, इंटरव्हल ट्रीपाशी, म्हणजे सुरुवात आणि शेवट असलेले कालावधी ठेवणाऱ्या सर्च ट्रीपाशी, गाडी अडली. ऑगमेंट करणे म्हणजे ‘संवर्धन’ लिहू का? आणि ओव्हरलॅपला ‘आच्छादन’ चालेल ना?

रानवारा: आच्छादन चालेल की. ऑगमेंट म्हणजे नोडमधे एक जास्तीचं फील्ड टाकणं, बास. पण मला ते फील्डच कळत नाही, सुरुवातीच्या आकड्याप्रमाणे ट्री लावलेलीच आहे तर शोधायचं आणि आजूबाजूचे दोन बघायचे, झालं काम.

कॅमेरावाला: माझं भाड्याने कॅमेरे द्यायचं दुकान आहे, भाच्याने बुकिंगसाठी हेच काहीतरी करून दिलंय. मला इतकंच हवं असतं की १० ते ११ तारखेला कुठला कॅमेरा बाहेर आहे का. यात सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं?

जुनीवही: सॉफ्टवेअरचा धागा वेगळा काढा दादा, पण तुमचं उदाहरण इथे चपखल बसतंय, तेच घेतो. समजा मुळाशी १२ ते १४ हे बुकिंग आहे. डावीकडे ५ ते २०, त्याच्या खाली २ ते ४ आणि ८ ते ९. उजवीकडे १८ ते २१, त्याच्या खाली १५ ते १६ आणि २५ ते २७. आता १० ते ११ शोधा. रानवारा म्हणतात तसं सुरुवातीवरून आजूबाजूचे बघितले तर ८ ते ९ आणि १२ ते १४ सापडतात, दोन्ही बसत नाहीत, म्हणजे कॅमेरे मोकळे! पण ५ तारखेला गेलेला कॅमेरा २० पर्यंत बाहेरच आहे. म्हणून प्रत्येक नोडमधे त्याच्यासकट त्याच्या खालच्या सगळ्यांत उशिरात उशिरा संपणारी तारीख ठेवायची. डाव्या फांदीची ती २० आहे, २० हे १० च्या पुढे, म्हणून डावीकडे जायचं आणि पहिल्याच नोडला ५ ते २० सापडतं.

```
while x and not (x.lo <= q.hi and q.lo <= x.hi):
    if x.left and x.left.max >= q.lo:
        x = x.left
    else:
        x = x.right
```

खडूफळा: पण डावीकडे गेलो आणि तिथे काहीच मिळालं नाही तर? उजवीकडचं राहून जाईल ना? मुलं हे हमखास विचारतात.

जुनीवही: नाही राहत, आणि खरी गंमत तिथेच आहे. डावीकडे गेलो याचा अर्थ तिथल्या कुणाचा तरी शेवट आपल्या सुरुवातीच्या बरोबर किंवा पुढे आहे. तरी तो आपल्याला भिडत नसेल तर त्याची सुरुवातच आपल्या शेवटानंतर आहे, आणि उजवीकडचे सगळे त्याच्याबरोबर किंवा त्याच्या नंतरच सुरू होतात, म्हणजे तेही गेले. पण हे एकच बुकिंग शोधताना हां, भिडणारी सगळी हवी असतील तर दोन्ही बाजू बघाव्या लागतात.

रानवारा: ओके, माझी पद्धत बुकिंग एकमेकांवर येत नसतील तरच चालेल. पण मग ‘जास्तीचं फील्ड’ या अर्थात काय चुकलं?

जुनीवही: अर्धंच झालं. कॅमेऱ्याचा रंग लिहिला तरी तेही जास्तीचं फील्डच की. हे फील्ड नोडच्या स्वतःच्या शेवटावरून आणि दोन मुलांच्या फील्डवरून काढता आलं पाहिजे, तरच ट्री फिरवली, काही घातलं, काढलं की वाटेतल्या नोड्सवर ते पुन्हा काढता येतं. फिरवताना आधी खाली गेलेल्या नोडचं, मग वर आलेल्याचं. समजा ५ ते २० कॅन्सल केलं आणि डाव्या फांदीवर २० तसंच राहिलं, खरं ९ हवं होतं. आता १५ ते १६ शोधा. २० बघून आपण डावीकडे शिरतो, हात हलवत परत येतो, आणि उजवीकडे असलेलं १५ ते १६ दिसतच नाही. एरर नाही, क्रॅश नाही, उत्तर चूक. म्हणून टेस्टमधे प्रत्येक बदलानंतर हे फील्ड सगळ्या नोड्सवर नव्याने काढून ताडून बघावं. मी वर्गात ‘फांदीची नोंद’ म्हणतो, ‘संवर्धन’मधे यातलं काहीच येत नाही.

खडूफळा: ‘फांदीची नोंद’ आवडलं, पण क्रियापद अजून हवंय. आणि आच्छादन?

जुनीवही: नको. आच्छादन म्हटलं की एकाने दुसऱ्याला पूर्ण झाकलं असं वाटतं, मुलं कोडमधे तेवढंच तपासतात आणि अर्धवट भिडणारी सुटतात. १२ ते १४ आणि १४ ते १७ घ्या, कोण कोणाला झाकतं? तरी वरच्या कोडप्रमाणे ते भिडतात.

रानवारा: मला ‘छेद’ बरा वाटतो, गणितात संच छेदतात तसंच.

कॅमेरावाला: आमच्याकडे १४ ला सकाळी आलेला कॅमेरा दुपारी दुसऱ्याला जातो, म्हणजे ते भिडणं नव्हेच!

जुनीवही: मग तुमच्या भाच्याला सांगा `<=` च्या जागी `<` आणि `>=` च्या जागी `>`, तिन्ही ठिकाणी. पण मग एका दिवसाचं बुकिंग १५ ते १५ नाही, १५ ते १६ लिहायचं. तुमच्या हिशोबाला ‘छेद’ चालेल, पण दोन्ही टोकं धरणाऱ्यांसाठी मी ‘भिडणं’च म्हणेन.

रानवारा: टोकाला नुसतं टेकलं तरी एक तारीख सामाईक असतेच की, म्हणजे छेद रिकामा नाही. मी ‘छेद’वर ठाम.