संपादकांशी फोनवर बोलायचंय, पण वाचायची पानंच जुळत नाहीत. मदत हवी आहे

घोडबंदरकर
जरा लवकर उत्तर हवंय. माझ्या कादंबरीच्या हस्तलिखितावर संपादिकाबाईंचे शेरे आलेत. गुरुवारी रात्री नऊला फोनवर बोलायचं ठरलंय आणि त्याआधी "४१ ते ७८ वाचून ठेवा" असा निरोप आहे. माझ्याकडे ४१वं पान प्रसंगाच्या मध्येच सुरू होतं आणि ७८वं एका संवादात तुटतं. त्यांना नेमकं काय वाचायला हवंय? त्या दिवाळी अंकांच्या गडबडीत आहेत, त्यामुळे पुन्हा विचारायला संकोच वाटतो. शिवाय नऊची वेळ मला जमत नाही.

नेरूळवासी
फाइल वर्डची की पीडीएफ? आणि उघडता कशावर?

घोडबंदरकर
वर्डची. मोबाइलवर वाचतो, ऐरोलीला जाता-येता लोकलमध्ये.

मुद्रितशोधक
मग कारण तेच. वर्डच्या फाइलमध्ये पानं पक्की नसतात, उघडताना नव्याने पडतात. बाईंच्या संगणकावरचा फॉन्ट तुमच्या मोबाइलवर नसेल तर दुसरा लागतो. देवनागरीत फॉन्ट बदलला की ओळीची उंची बदलते, आणि पन्नासएक पानांत हा फरक सहज काही पानांचा होतो. त्यातून त्यांनी खोडलेला मजकूर एकाकडे दिसत असेल आणि दुसऱ्याकडे लपलेला असेल, तर पानं आणखी सरकतात.

संकोच कसला? एवढंच लिहा: "माझ्याकडे पानं वेगळी पडतात. प्रकरण कोणतं आणि सुरुवातीच्या व शेवटच्या परिच्छेदाचे पहिले चार शब्द सांगाल का? जमल्यास तुमच्याकडची शेऱ्यांसकट पीडीएफ पाठवा." फोनवर दोघांनीही तीच पीडीएफ समोर ठेवायची. दुरुस्त्या मात्र वर्डमध्येच करायच्या.

वाशीकर
एवढा खटाटोप कशाला? गुगल डॉक्समध्ये टाका, दोघांना एकच पान दिसेल.

मुद्रितशोधक
यापुढे दोघांना एकच दिसेल, हे खरं. पण बाईंनी ४१ म्हटलं ते त्यांच्या वर्डमधलं. डॉक्समध्ये टाकल्यावर पानं तिसऱ्याच पद्धतीने पडतील, आणि पानांविना मांडणी निवडली असेल तर पानंच उरणार नाहीत. आजचा प्रश्न त्याने सुटत नाही.

खारघरची_ताई
करार झालाय का तुमचा? माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मानधनाचं तोंडी ठरलं होतं, पुढे फार मनस्ताप झाला. आधी ते लेखी घ्या.

नेरूळवासी
ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा ना, खरंच उपयोगी होईल. घोडबंदरकर, संपादिकाबाई नवी मुंबईतल्याच असतील तर भेटाच. ठाण्याहून नेरूळला थेट लोकल आहे. छापील प्रत टेबलावर ठेवली की हा घोळच नाही.

घोडबंदरकर
त्या नेरूळलाच राहतात, पण भेटायला वेळ नाही म्हणाल्या. पीडीएफ मात्र लगेच पाठवली! चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीपासून सहाव्याच्या शेवटापर्यंत वाचायचंय. माझ्या मोबाइलवर ती ४७ ते ८८ येतात. मुख्य शेरा असा: निवेदन मुलीचं आहे, पण पाचव्या प्रकरणात दोन ठिकाणी वडिलांच्या मनातलं सांगितलंय, ते तिला कळलं कसं? बाकी शेरे शुद्धलेखनापासून संवादांपर्यंत सगळ्याचे आहेत. हे सगळं एका फोनमध्ये कसं होणार?

मुद्रितशोधक
नाहीच होणार, आणि तसा प्रयत्नही करू नका. ओळीओळीने गेलात तर तासाभरात पहिल्या प्रकरणाच्या पुढे जाणार नाही आणि निवेदनाचा प्रश्न तसाच राहील. ती तीन प्रकरणं आधी शेरे लपवून सलग वाचा, मग शेऱ्यांसकट. प्रत्येक शेऱ्यापुढे "मान्य", "नको" किंवा "बोलू" लिहा. शुद्धलेखनाचं सगळं "मान्य"मध्येच जाईल. फक्त "बोलू"ची यादी आदल्या संध्याकाळी बाईंना पाठवा आणि निवेदनाचा प्रश्न सगळ्यात वर ठेवा, कारण वडिलांचे ते परिच्छेद गेले तर त्यांतले बारीक शेरेही आपोआप जातील.

वेळेचंही त्याच निरोपात उरकून घ्या. "नऊ जमत नाही" एवढंच लिहू नका. दोन पर्याय द्या, किती वेळ लागेल तेही लिहा. फोन लोकलमध्ये घेऊ नका, एका हाताने पानं उलटत बोलणं होत नाही.

घोडबंदरकर
शनिवार सकाळ किंवा रविवार संध्याकाळ, असं कळवलंय. मधल्या वेळात ते दोन परिच्छेद मुलीच्या नजरेतून पुन्हा लिहून ठेवू का?

मुद्रितशोधक
बोलण्याआधी लिहू नका. बाईंना कदाचित वडिलांना वेगळं प्रकरण द्यायचं असेल, मग तुमची मेहनत वाया जाईल.

खारघरची_ताई
इथे मला पटत नाही. एक परिच्छेद तरी लिहून न्यावा. मुलगी दाराआडून काय ऐकते, वडिलांच्या हातांकडे कशी बघते, हे लिहून पाहिल्याशिवाय ते जमतंय की नाही हे लेखकाला कळत नाही, आणि मग फोनवर समोरचा म्हणेल त्याला आपण हो म्हणतो.

मुद्रितशोधक
एक परिच्छेद, ठीक. पण तो आधी पाठवू नका, नाहीतर फोन त्या परिच्छेदावरच संपेल.

खारघरची_ताई
मी तर आधीच पाठवला असता.

घोडबंदरकर
बाईंचं उत्तर आलं, शनिवारी अकराला. दाराशी उभ्या मुलीचा परिच्छेद आज रात्री लिहून बघतो. पाठवायचा की नाही, ते लिहून झाल्यावर ठरवतो.