गव्हाचा दुसरा हप्ता: युरिया पाण्याआधी की वाफशावर?

नेवासकर_मळा: काळी जमीन आहे. माती परीक्षणात सामू 8.4 आणि मुक्त चुना 11 टक्के आलाय. गहू वीस दिवसांचा झालाय, पाटाचं पाणी आहे. वडील म्हणतात आधी पाणी दे आणि वाफशावर युरिया फोक. दुकानदार म्हणतो आधी युरिया, मग पाणी. नक्की काय करू?

बाळूकाका: वडिलांचं ऐक. आधी फोकून पाणी सोडलंस तर सगळं खत पाण्याबरोबर साऱ्याच्या शेंड्याला जातं. आमच्याकडं शेंड्याला गहू हिरवागार लोळतो आणि तोंडाला पिवळा राहतो. वाफशावर ओल असते, दाणा तासाभरात विरघळतो. विरघळला म्हणजे पिकाला मिळाला.

मातीवाली: विरघळतो हे खरं काका, पण विरघळतो तो वरच्या अर्ध्या इंचात. पाणी आधीच खाली गेलेलं असतं, त्यामुळं त्याला खाली ओढणारं काहीच उरत नाही. तिथंच युरियाचं अमोनियात रूपांतर होतं आणि दाण्याभोवतीचा सामू आणखी वर चढतो. साध्या जमिनीत तो थोड्या दिवसांत खाली येतो. चुनखडीत चुना त्याला खाली येऊच देत नाही, म्हणून अमोनिया वायू होऊन निघून जातो. त्यात वाफशाची जमीन वाळत असते, वारा असतो. चुनखडीत युरिया टाकायला याच्याइतकी वाईट वेळ शोधून सापडणार नाही.

पाण्याआधी टाकलेल्या युरियाचं वेगळं असतं. विरघळलेला युरिया मातीच्या कणांना चिकटत नाही, पाण्याबरोबर तीन-चार बोटं खाली उतरतो. तिथं अमोनिया झाला तरी माती त्याला धरून ठेवते.

रब्बीराजा: एवढी भीती कशाला? डिसेंबरची थंडी आहे आणि हल्ली सगळा युरिया निमकोटेडच येतो. उडायचा प्रश्नच नाही.

मातीवाली: थंडीचं अर्धं बरोबर आहे. उन्हाळ्यापेक्षा हे सगळं हळू चालतं, पण दाणे उघड्या ओल्या मातीवर आठवडाभर पडून राहिले तर हळू चालूनही नुकसान होतंच. निंबोळी तेलाचं मात्र तसं नाही. ते अमोनियाचं नायट्रेट होणं लांबवतं, वायू उडणं थांबवत नाही.

ठिबकवाला: आम्ही उसाला ठिबकमधून दर आठवड्याला थोडा थोडा देतो, हा त्रासच नाही. ठिबक करून टाका.

नेवासकर_मळा: दादा, गहू आहे आणि पाटाचं पाणी आहे.

बाळूकाका: ताई, तुमचं शास्त्र राहू द्या, शेंड्याचं काय ते सांगा. आणि वाफशावर टाकून कोळपं मारलं तर?

मातीवाली: शेंड्याची तक्रार रास्त आहे. पण तिथं दोष पाण्याचा असतो. लांब साऱ्यात जोराचा लोंढा सोडला की दाणे वाहतात. सारे आखूड ठेवायचे, धार बारीक ठेवायची आणि शेंड्याला पाणी साचायच्या आत दारं मोडायचं. युरिया फोकताना तोंडाकडं हात थोडा सैल सोडला तरी फरक पडतो.

कोळप्यानं खत दोन-तीन बोटं मातीआड गेलं तर वाफशावरही चालेल. नुसती वरची माती खरवडली तर निम्मे दाणे उघडेच राहतात. वीस दिवसांच्या गव्हात सायकल कोळपं चालतं, पण काळ्या जमिनीत वाफसा थोडा चुकला की ढेकळं निघतात.

नेवासकर, शिफारस हेक्टरी 120 किलो नत्राची आहे. निम्मं पेरणीला गेलं असेल तर आता 60 राहिलं, म्हणजे एकरी साधारण 53 किलो युरिया. 45 किलोची एक गोणी आणि वर आठ किलो. दव सुकल्यावर दुपारी कोरड्या जमिनीवर फोका आणि त्याच दिवशी पाणी सोडा. सकाळी दवात फोकलात तर दाणे पानाला चिकटून पानं करपतात.

नेवासकर_मळा: आमच्याकडं या आठवड्यात लाईट रात्रीची आहे, तीही भरवशाची नाही. दुपारी फोकला आणि रात्री लाईट आलीच नाही तर?

मातीवाली: मग पहाटेच्या दवानं दाणे भिजतात आणि वाफशासारखंच होतं. भरवसा नसेल तर सगळं रान एकदम फोकू नका. मोटार चालू झाल्यावर जेवढं भिजणार आहे तेवढेच सारे घ्या.

रब्बीराजा: रात्री बॅटरीच्या उजेडात युरिया कोण फोकणार? मजूर मिळत नाही दिवसा.

बाळूकाका: हेच म्हणतोय मी. आमच्या चिकण रानात बारीक धार सोडली तर एक एकर भिजायला दोन रात्री जातात. कागदावर सगळं जमतं.

मातीवाली: दोन रात्री लागत असतील तर कोळप्याचा विचार तुमच्यासाठी जास्त बरा, हे मान्य. पण यंदा चार सारे तरी पाण्याआधी टाकून बघा, बाकीचे तुमच्या पद्धतीनं. खताचं माप सगळीकडं सारखं ठेवा. बारा-पंधरा दिवसांनी साऱ्याच्या मधल्या भागातली खालची पानं बघा, तोंड आणि शेंडा सोडून. नत्र कमी पडलं की आधी तीच पिवळी पडतात.

बाळूकाका: चार नाही, दोन सारे. आणि दारं मीच धरणार.