मेसमधल्या शिळ्या भाताची तक्रार: तपासणीची मागणी कशी लिहू?

मदत हवी आहे. आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये रात्री उरलेला भात दुसऱ्या दिवशी ताज्या भातात मिसळून वाढतात. सोमवारी रात्री ओट्यावर उघडं राहिलेलं पातेलं आणि मंगळवारी दुपारी त्याच पातेल्यातला चिकट भात, दोन्हींचे फोटो आहेत. आंबूस वास मात्र फोटोत येत नाही. तिघांना उलट्या झाल्या. बाहेर राहिलेल्या भातात जंतू जे विष सोडतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही, हीच खरी भीती आहे.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्यातली तारीख-वेळ निघून जाते, म्हणून मूळ फाइली जपून ठेवल्यात. मेस समितीला द्यायच्या अर्जात ‘रात्रीच्या जेवणानंतर न कळवता येऊन उरलेलं अन्न आणि फ्रिज तपासा’ असं लिहिलं तर चालेल का? पोच कुणाकडून घ्यायची?