मदत हवी आहे: शेजारच्या काकूंना पार्सल घ्यायला कसं विचारू, म्हणजे त्यांना नाही म्हणणंही सोपं जाईल?

साखरझोप
ठाण्यात राहते. दसऱ्यानंतर आम्ही दोघं हैदराबादला जातोय, दिवाळीच्या आधी परत. मधल्या काळात तीन गोष्टी यायच्या आहेत: पुस्तकांचं खोकं, बदलून मिळणारा मिक्सर आणि माझा नवीन पासपोर्ट. आमच्या वॉचमनला पार्सल ठेवून घ्यायची कमिटीची बंदी आहे.

समोरच्या काकू इतक्या भिडस्त आहेत की दारात उभं राहून विचारलं तर "अगं, त्यात काय, येऊ दे की" म्हणणारच. काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, दुपारी दोघं झोपतात आणि डिलिव्हरीवाले नेमके तेव्हाच येतात. विचारावं की नाही? विचारलं तर कसं?

झुणका_भाकर
एवढा विचार कशाला! शेजारी असतात कशासाठी? ओटीपी आधीच व्हॉट्सॲप करून ठेवा, काम फत्ते.

टपालवाला
ओटीपी आधी पाठवता येत नाही हो. तो बहुतेक वेळा माल डिलिव्हरीला बाहेर पडतो त्या दिवशी येतो, आणि येतो तो साखरझोप यांच्या फोनवर. म्हणजे मुलगा काकूंच्या दारात उभा, काकू यांना फोन लावतायत आणि या नेमक्या रेंजबाहेर. काकूंचा खरा वैताग तो. पुस्तकांच्या खोक्याला बहुधा ओटीपी लागणार नाही. बदलीच्या मिक्सरला लागू शकतो, शिवाय जुना मिक्सर त्याच वेळी परत न्यायचा असेल तर तो काकूंकडे ठेवून जावा लागेल. मी मिक्सर शेजाऱ्यांवर टाकला नसता, कस्टमर केअरला सांगून तारीख पुढे घेतली असती.

पासपोर्ट तर काकूंना घेताच येणार नाही. तो स्पीड पोस्टानं येतो आणि ज्याचा त्यालाच ओळखपत्र बघून देतात. कोणी भेटलं नाही तर थोडे दिवस पोस्टात राहतो, मग पासपोर्ट ऑफिसला परत जातो. पासपोर्ट निघाल्याच्या एसएमएसमध्ये ट्रॅकिंग नंबर असतो. तुम्ही जायच्या आत निघाला तर आपल्या पोस्टात जाऊन पोस्टमास्तरांना भेटा.

म्हणजे काकूंना विचारायचं उरलं एक खोकं. ते दारात विचारू नका, मेसेज करा. समोर माणूस उभा असला की भिडेपोटी होकार जातो, मेसेज काकांना दाखवून, रात्रभर विचार करून उत्तर देता येतं. मी असं लिहीन:

"काकू, आम्ही १२ ते २५ तारखेपर्यंत बाहेरगावी आहोत. पुस्तकांचं एक खोकं यायचंय, चपलांच्या खोक्याएवढं, पैसे भरलेले. तुम्हाला सोयीचं असेल तरच तुमच्याकडे द्यायला सांगू का? नसेल तर परत आल्यावर मागवते, काही अडत नाही. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर बरं. काही उत्तर आलं नाही तर सोयीचं नाही असं समजेन."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे नकारासाठी काकूंना एक अक्षरही लिहावं लागत नाही. "तुमच्याशिवाय कोण आहे आम्हाला" हे मात्र चुकूनही लिहू नका, त्यावर कोणी नाही म्हणेल का!

कुंडीवाली_ताई
माझ्या शेजारणीनं तुळशीला रोज पाणी घातलं, किल्ली दिली होती. तुम्हीही किल्ली देऊन टाका ना.

टपालवाला
ताई, किल्ली म्हणजे जबाबदारी दुप्पट. इथे नको.

झुणका_भाकर
बरं, ओटीपीचं पटलं. मग पत्त्यात पर्यायी नंबर म्हणून काकूंचाच द्या.

रात्रपाळी
त्यांना विचारल्याशिवाय नको. आमच्या आईचा नंबर एकानं असा दिला, पुढे कुठलं तरी "पार्सल अडकलंय, ओटीपी सांगा" म्हणून फोन सुरू झाले. मेसेजमध्ये एवढं घाला: आमच्या नावानं कोणी पैसे मागितले तर देऊ नका, सरळ परत पाठवा. म्हातारी माणसं संकोचानं पदरचे देऊन मोकळी होतात.

साखरझोप
मेसेज पाठवला, पैशांची ओळ घालून. थोड्या वेळानं काकूंचा उलटा मेसेज: "खोकं चालेल, पण शनिवार-रविवार आम्ही मुलीकडे असतो आणि दुपारी दोन ते चार बेल नको." दारात विचारलं असतं तर हे त्या कधीच बोलल्या नसत्या. मिक्सरची तारीख पुढे घेतली.

दुपारच्या वेळेचं काय करू? पत्त्याखाली "२ ते ४ बेल वाजवू नये" लिहिलं तर डिलिव्हरीवाले वाचतात का?

रात्रपाळी
आमच्याकडे कधी वाचतात, कधी नाही. मी डिलिव्हरीच्या दिवशी सकाळीच त्या मुलाला फोन करतो, ट्रॅकिंगमध्ये नंबर दिसत असेल तर.

टपालवाला
खोकं ऑफिसच्या पत्त्यावर मागवता येणार नाही का? मग काकूंची झोपही वाचेल.

साखरझोप
ऑफिसात खासगी पार्सल घेत नाहीत. दुसरं कोणाला काही सुचतंय का?