दारू आणि लकवा: रक्त पातळ होण्याचा गैरसमज
"दारूनं रक्त पातळ होतं म्हणतात, मग लकवा कसा मारेल?"

पातळपणाच तर नडतो. आमचे तासगावचे मामा रोज क्वार्टर घ्यायचे; बीपी १८०/११०, गोळी मनाला येईल तेव्हा. अशा दाबानं मेंदूच्या आतल्या बारीक धमन्या वर्षानुवर्षं कमकुवत होत जातात. त्यातली एक फुटली, आणि दारूनं प्लेटलेट मंदावलेल्या, यकृत थकलेलं, म्हणून रक्त लवकर गोठेना. मिरजेला सीटी स्कॅनमध्ये पांढरा डाग दिसला, म्हणजे रक्तस्राव. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अशा वेळी देतच नाहीत.

लकव्याचा दुसरा प्रकार गुठळीचा; दारूमुळे तो हृदयाच्या वाटेनंही येऊ शकतो. जत्रेत दोन दिवस सलग पिणाऱ्याचे (रोज न पिणाऱ्याचेसुद्धा!) ठोके अनियमित होऊ शकतात. मग डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते, ती मेंदूत जाऊन अडकते. छातीत फडफड आणि नाडी वेडीवाकडी लागली, तर तेव्हाच ईसीजी काढा. ठोके सरळ झाल्यावर त्यात काही सापडेलच असं नाही.